शेजारी कोणी पाहिला?

दिवाळी होऊन पंधराएक दिवस झाले असतील, आत्याकडे गेले होते सदाशिव पेठेत. ती मटार सोलत बसलेली, समोर पेपर पसरून त्यावर सालांचा ढीग, आणि मी तिच्या पलंगावर पाय वर घेऊन फोनमध्ये एक लिस्ट वाचत होते. जुन्या मराठी सिनेमांची. आमच्या घरी महिन्यातून एकदा चारपाच जण जमून जुना सिनेमा बघतो, पुढचा कुठला लावायचा ते ठरत नव्हतं, म्हणून मी एकेक नाव मोठ्याने वाचायचे आणि आत्या बघितलाय, नाही बघितला असं सांगायची. 'शेजारी' आला. मी वाचलं, १९४१, प्रभात, शांताराम, मजहर खान आणि गजानन जागीरदार. आत्याचा हात थांबला. म्हणाली, "मजहर खान नाही गं. केशवराव दाते."

मी फोन बघितला. परत वाचलं. म्हटलं, "आत्या, इथे मजहर खान लिहिलंय." ती म्हणाली, "अगं मी बघितलाय ना, अण्णांनी नेलं होतं प्रभात टॉकीजला, केशवराव दाते आणि जागीरदार. दोघं म्हातारे. शेवटी ते धरण फुटतं." मग मी जे बोलले ते मला अजून टोचतं. मी म्हटलं, तू 'कुंकू'मधले केशवराव दाते आठवत असशील, मी हा सिनेमा सहा वेगवेगळ्या लिस्टमध्ये बघितलाय आणि सगळीकडे मजहर खानच आहे. आवाजात जरा समजावणीचा सूर, आपण लहान मुलाशी काढतो तसा. आत्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि परत मटार सोलायला लागली. म्हणाली, "असेल. माझ्या आता नाही राहत लक्षात."

ते 'असेल' घेऊन मी घरी आले.

म्हणजे बघा, समोर एक बाई बसलीये जी थिएटरात जाऊन तो सिनेमा बघून आलीये, आणि तिची आठवण मी मोडीत काढली कशाच्या जोरावर, तर सहा अनोळखी लोकांनी केलेल्या लिस्टच्या. आणि त्या सहा जणांनी तो बघितलाय का, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. सहा हा आकडाच मला पुरला. रात्री झोप येईना तेव्हा उठून लॅपटॉप उघडला, आणि आधी फक्त एवढंच बघायचं ठरवलं की खरं काय आहे.

खरं असं आहे की 'शेजारी' दोनदा बनला. प्रभात फिल्म कंपनीची ती पद्धतच होती. १९३७ चा 'कुंकू' मराठीत आणि 'दुनिया न माने' हिंदीत, १९३९ चा 'माणूस' मराठीत आणि 'आदमी' हिंदीत, तसा १९४१ चा 'शेजारी' मराठीत आणि 'पडोसी' हिंदीत. हे डबिंग नाही, दोन वेगळे सिनेमे. बाकीच्या जोड्यांमध्ये मुख्य नट बरेचसे तेच असतात, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. 'शेजारी'त मात्र फरक आहे. हिंदीत हिंदू म्हाताऱ्याचं काम मजहर खान करतो आणि मुसलमान म्हाताऱ्याचं, मिर्झाचं, गजानन जागीरदार. शांतारामांनी मुद्दाम उलटं केलं होतं, मुसलमान नटाला हिंदूची भूमिका आणि हिंदू नटाला मुसलमानाची. मराठीत मिर्झा जागीरदारच, पण दुसरा म्हातारा, जिवबा, केशवराव दाते. आत्या बरोबर होती. पूर्णपणे बरोबर.

मग प्रश्न आला की सहा माणसं एकदम चुकली कशी.

इथे मला आमच्या जुन्या वाड्यातले एक काका आठवले. ते भांडारकर संस्थेत पोथ्यांच्या कामात होते. आम्ही मुलं टेकडीवर जाताना लॉ कॉलेज रोडने जायचो, कधीकधी ते संस्थेच्या फाटकापाशी भेटायचे, आणि एकदा आमच्याबरोबर वरपर्यंत चालत आले. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथे झाली, १९१९ ला काम सुरू झालं ते १९६६ ला संपलं, हे पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाला कुणीतरी सांगतंच. पण काकांनी आम्हाला ते कसं करतात ते सांगितलं. हजाराच्या वर पोथ्या, काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, सगळ्या कुणीतरी कुणाचीतरी बघून लिहिलेल्या. कुठली कुणावरून उतरवलीये हे पोथीवर लिहिलेलं नसतं, मग ओळखायचं कसं? मी तेव्हा पटकन म्हटलं होतं, ज्या सारख्या आहेत त्या एकमेकींवरून. काका म्हणाले, "बरोबर शब्द दोन्हीकडे सारखा असला तर त्यात काय नवल, तो बरोबरच आहे. चूक सारखी असली की समजायचं, नातं आहे." आणि अजून एक सांगितलं होतं, की एका चुकीच्या पोथीवरून पन्नास पोथ्या उतरल्या तरी त्यांचं मत एकच धरायचं. पन्नास नाही.

तेव्हा मला ते फार काही वाटलं नव्हतं, माझं लक्ष करवंदांकडे. त्या रात्री मात्र मी सहाही लिस्ट सहा टॅबमध्ये उघडल्या, शेजारी वही घेतली आणि पोथ्या लावतात तशा लावायला बसले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती माझ्याबद्दल होती. सहापैकी एका लिस्टमध्ये 'शेजारी'चं नुसतं नाव होतं, नटांबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे आत्याला मी सहा सांगितले ते पाचच होते. आकडा तोंडात बसला की आपण तो तपासत नाही. उरलेल्या पाचांमध्ये मजहर खान होता, आणि तीन ठिकाणी तर पुढे हेही होतं की हिंदू नटाला मुसलमानाची आणि मुसलमान नटाला हिंदूची भूमिका देण्याचा धाडसी प्रयोग. आता हे मराठी 'शेजारी'च्या खाली लिहिणं शक्यच नाही. दाते आणि जागीरदार, दोघंही हिंदू, अदलाबदल होणार कुणाची? ज्याने मराठी सिनेमाची नुसती श्रेयनामावली जरी बघितली असेल त्याच्या हातून हे वाक्य उतरणार नाही. गोष्ट इतकी छान आहे की ती सांगायचा मोह होतो, आणि मला आता वाटतं की लिस्टमध्ये असल्या छान गोष्टीच सगळ्यात जास्त फिरतात. कंटाळवाणी चूक कुणी उचलत नाही.

पण सारखी चूक म्हणजे एकमेकांची नक्कल, असं लगेच म्हणता येत नाही, इथे सिनेमांच्या लिस्ट पोथ्यांपेक्षा वेगळ्या आहेत. लिस्ट ठेवायच्या ज्या साइट आहेत त्यांच्यावर नटांची नावं, साल, पोस्टर हे सगळं बहुतेक वेळा मागच्या एका सामायिक माहितीसाठ्यातून येतं. लेटरबॉक्सडचंच घ्या, तिथली माहिती टीएमडीबीवरून येते, आणि तो साठाही लोकांनीच भरलेला, कुणीही दुरुस्त करू शकतो असा. त्या साठ्यातच चूक असेल तर पाच जण एकमेकांना न बघता स्वतंत्रपणे तीच चूक करतील. म्हणून मी साइटने आपोआप दाखवलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि फक्त लिस्ट करणाऱ्याने स्वतःच्या हाताने टाइप केलेलं बघितलं. मजहर खान पाचही ठिकाणी हाताने लिहिलेला होता, शेऱ्यात. आणि दोन लिस्टमध्ये तर जागीरदारांचं स्पेलिंगही सारखंच चुकलेलं, एक अक्षर कमी.

दुसरी खूण म्हणजे क्रम. यावर मी बराच वेळ घालवला, कारण क्रम फसवतो. 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' हे एकापाठोपाठ एक दिसले म्हणून काही सिद्ध होत नाही, ते सालाप्रमाणेच आहेत, कुणीही तसेच लावेल. बाराखडीप्रमाणे लावलेल्या लिस्टचंही तेच. पण जी लिस्ट क्रमवारीची नसते, नुसती भरत गेलेली असते, तिच्यात सिनेमे ज्या क्रमाने टाकले तसेच राहतात. म्हणजे करणाऱ्याला जसजसं आठवलं तसं. तो क्रम त्या माणसाच्या डोक्यातून आलेला असतो, त्याला बाहेरचं कारण नसतं. या पाचांपैकी चार लिस्टमध्ये मला एका ओळीत सापडलं: 'सामना', मग 'शेजारी', मग 'दोघी', मग 'जैत रे जैत'. साल बघा, १९७५ च्या आसपासचा, मग १९४१, मग १९९५, मग १९७७. दिग्दर्शकाप्रमाणे म्हणावं तर तसंही नाही, जब्बार पटेलांचे दोन आहेत पण दोन टोकांना. हा क्रम कुठल्याच नियमाने येत नाही. चार सिनेमे चोवीस प्रकारे लावता येतात, आणि चाळीसएक सिनेमांच्या चार लिस्टमध्ये हेच चार, एकमेकांना चिकटून, नेमक्या याच प्रकाराने येतात? पाचवीत मधे एक नवीन सिनेमा घुसवलेला होता, 'दोघी'च्या आधी, पण बाकी तसंच.

मग तारखा. पाचांत सगळ्यात जुनी कुठली ते बघितलं, ती २०१३ सालची निघाली, बाकीच्या सगळ्या नंतरच्या. ती मी आधी उघडलीच नव्हती नीट, कारण तिला फारसे लाइक नव्हते आणि ती वर येत नव्हती, वर येत होती तिची नक्कल जिच्यात छान पोस्टर आणि जोरदार मथळा. मी जुन्या लिस्टमधला 'शेजारी'चा शेरा उघडला. साधारण असा होता: मी हिंदीतला 'पडोसी' पाहिला, लहानपणी टीव्हीवर. मजहर खान आणि जागीरदार. मराठी अजून मिळाला नाही, मिळाला की बघायचाय.

मी ते तीनदा वाचलं असेल.

या माणसाने काहीच चूक केली नव्हती. त्याने स्वच्छ लिहिलं होतं की मी पाहिलाय तो हिंदी, मराठी पाहिलेला नाही. चूक झाली ती उतरवून घेताना. पहिल्या नकलेत 'मी हिंदीतला पडोसी पाहिला' हे गेलं, 'मिळाला की बघायचाय' हे गेलं, उरलं काय तर मजहर खान आणि जागीरदार यांचा अप्रतिम अभिनय. पुढच्यात भूमिकांच्या अदलाबदलीची गोष्ट कुठूनतरी येऊन चिकटली. त्याच्या पुढच्यात तो 'प्रत्येक मराठी माणसाने पाहिलाच पाहिजे' झाला. दरवेळी एक शंका कमी होत गेली आणि आवाज चढत गेला. आणि शेवटी तो चढलेला आवाज माझ्या तोंडून आत्याच्या अंगावर गेला.

तर सहाचे झाले दोन. एक तो २०१३ वाला, चार त्याच्या नकला, त्यांचं वेगळं मत धरायचं नाही, आणि एक सहावी लिस्ट जिच्यात नुसतं नाव होतं आणि जिचा क्रम, निवड सगळं वेगळं होतं. त्या दोनांपैकी मराठी 'शेजारी' पाहिलाय असं एकानेही म्हटलेलं नव्हतं. पाहणारी होती आत्या.

हे सगळं एका 'शेजारी'पुरतं राहिलं असतं तर मी लिहिलं नसतं. पण तेव्हापासून माझी लिस्ट वाचायची रीतच बदलली. मला लिस्ट लागतात, त्याशिवाय मला सिनेमे सापडणार नाहीत. मोठ्या मतमोजणीत आपले सिनेमे दिसत नाहीत. आयएमडीबीच्या अडीचशेत नुसता विचार व्हायलाही किमान २५,००० मतं पडावी लागतात, १९४१ च्या मराठी सिनेमाला ती पडणार कुठून. 'साइट अँड साउंड' मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून प्रत्येकी दहा सिनेमे मागवतं, २०२२ ला सोळाशेच्या वर लोकांनी दिले, पण दहांमध्येच सगळं जग बसवायचं म्हटल्यावर मतं विखुरतात, आणि पहिल्या शंभरांत आपल्या देशातला फक्त 'पथेर पांचाली' आला. तिथे मला शंभराची यादी नाही उपयोगी पडत, उपयोगी पडतात त्या एकेका माणसाच्या दहाच्या याद्या, त्याही वाचता येतात. बेरजेत जे बुडतं ते तिथे एकट्याच्या हातात सापडतं. आणि मराठीसाठी तर अशी कुणीतरी एकट्याने, रात्री बसून केलेली लिस्टच असते. म्हणून कुणाची धरायची हे कळायला पाहिजे.

मी आता आधी माझ्या चांगल्या ओळखीचे तीन सिनेमे शोधते त्या लिस्टमध्ये. आवडते नाही, ओळखीचे, ज्यातली एकेक चौकट मला माहितीये. आणि फक्त त्यांचे शेरे वाचते. त्यात मला एकच बघायचं असतं, पोस्टर आणि गोष्टीचा सारांश वाचून लिहिता येणार नाही असं काही आहे का. त्या २०१३ वाल्याने 'उंबरठा'खाली लिहिलं होतं की महिलाश्रमाचे प्रसंग बघताना मला दिवसाचा उजेड आवडला नाही, मग लक्षात आलं की आवडू नये म्हणूनच तो तसा आहे. मला हे पटतं की नाही ते सोडा, पण हा माणूस त्या खोलीत बसून आलाय. याउलट त्या नकलांपैकी एकीत 'उंबरठा'खाली होतं, स्त्रीच्या अस्तित्वाचा शोध घेणारा हृदयस्पर्शी चित्रपट. हे न बघताही लिहिता येतं. हे वाक्य अजून दहा सिनेमांखाली चालेल, आणि त्याच लिस्टमध्ये खाली गेले तर ते खरंच अजून दोन सिनेमांखाली होतं.

सालावरूनही कळतं, पण जपून. 'कोर्ट' व्हेनिसला २०१४ ला दाखवला आणि थिएटरात आला २०१५ ला, 'किल्ला' तसाच, बर्लिनला २०१४ आणि इथे २०१५. साइटवर बहुतेक पहिल्या खेळाचं साल धरतात. त्यामुळे २०१५ चे सर्वोत्तम मराठी सिनेमे असं म्हणून कुणी 'कोर्ट' घातला तर तो चुकला असं नाही, त्याने तो सिटी प्राइडला तिकीट काढून बघितला असेल. मला तर २०१५ लिहिणाऱ्याबद्दल उलट जास्त विश्वास वाटतो, ते साल त्याच्या अंगावरून गेलेलं असतं. मात्र त्याच लिस्टमध्ये 'कोर्ट' २०१५ चा आणि 'किल्ला' २०१४ चा असं दिसलं की मी थांबते. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून उचललंय.

आणि मला सगळ्यात जास्त विश्वास कधी वाटायला लागला, तर तो माणूस माझ्याशी भांडला तेव्हा. म्हणजे शेऱ्यातून. 'पिंजरा' त्याने घेतला होता पण खाली लिहिलं होतं, गाण्यांसाठी परत बघीन, मास्तरांची शिक्षा मला पटत नाही, सिनेमा बाईवर सगळा भार टाकून मोकळा होतो. मला 'पिंजरा' फार जवळचा आहे, आईबाबांच्या लग्नाआधीचा तो त्यांनी बघितलेला सिनेमा, मला राग आला. पण राग येऊनही मला कळलं की हा कुठे उभा राहून बघतो. त्याला कडवट झालेलं चालतं, उपदेश चालत नाही. मग त्याने जिथे नुसतं 'बघा' म्हटलंय तिथे त्या बघाचा अर्थ मला लावता येतो. सगळ्यालाच पाच तारे देणाऱ्याचा नाही लावता येत, तो काय देत नाही तेच दिसत नाही.

अशाच एका 'बघा'वरून मी '२२ जून १८९७' बघितला. नाव माहीत होतं, चाफेकर बंधूंचा, १९७९ चा, नचिकेत आणि जयू पटवर्धनांचा, पण शाळेतल्या इतिहासासारखा असेल म्हणून टाळत आले होते. त्याने लिहिलं होतं, घरं बघा, त्या घरांत खरोखर कुणीतरी राहतंय. मी पुण्यात जन्मले, गणेशखिंडीच्या रस्त्याने आयुष्यभर गेले, आणि ते वाडे, ते अंधारे जिने, ते माजघर बघताना मला आमच्या वाड्याचा वास आला, ओल्या शेणाचा आणि रॉकेलचा. त्या वाड्याच्या जागी आता सहा मजले आहेत. हे मला कुठल्याच 'सर्वोत्तम शंभर'ने दिलं नसतं.

जे मला अजून सोडवता येत नाही तेही आहे. एखाद्याने दोन लिस्ट बघून तिसरी केली, निम्मं इथून, निम्मं तिथून, क्रम मुद्दाम हलवला आणि शेरे पुसून टाकले, तर माझी ही पद्धत तिथे संपते. चूकच उरत नाही पकडायला. त्या सहाव्या लिस्टबद्दल माझं हेच झालंय, ती वेगळी दिसते म्हणून मी स्वतंत्र धरली, पण नुसती नावं असलेली लिस्ट कुणाकडून आलीये हे कोण सांगणार. अशा लिस्टचा मी एवढाच उपयोग करते की नाव टिपून घ्यायचं आणि दुसरीकडे कुणी पाहिल्याची खूण मिळेपर्यंत थांबायचं.

आणि पाहिलेल्या माणसालाही तपासावं लागतं, हे मला आत्यानेच शिकवलं. कारण ती मला म्हणाली होती की सिनेमा नवीनच लागला होता तेव्हा अण्णांनी नेलं. आत्याचा जन्म १९३८ चा. 'शेजारी' आला तेव्हा ती तीन वर्षांची, तेव्हाचं धरण तिला एवढं आठवणार नाही. म्हणजे प्रभात टॉकीजला तो नंतर परत लागला असणार, जुने सिनेमे तिथे फिरून फिरून लागायचे, आणि ती आठदहा वर्षांची असताना गेली असणार. तिला नट बरोबर आठवत होता आणि साल चुकत होतं. दोन्ही एकाच माणसात, एकाच आठवणीत. म्हणून तिची सगळी आठवण खोटी धरायची नाही आणि सगळी खरीही नाही, कुठल्या गोष्टीला माणूस सहसा चुकत नाही ते बघायचं. आठ वर्षांच्या मुलीला पडद्यावरचा म्हातारा लक्षात राहतो. सिनेमा नवा की जुना, हे तिच्यासाठी तेव्हा महत्त्वाचं नसतंच, तिच्यासाठी तो नवाच.

ओळखीतल्या एकांकडे 'शेजारी'ची जुनी डीव्हीडी निघाली. मराठीच. ती घेऊन मी परत आत्याकडे गेले, लॅपटॉप तिच्या पलंगासमोर स्टुलावर ठेवला, आवाज पूर्ण मोठा, कारण तिला आता कमी ऐकू येतं. नावं आली तेव्हा मी थांबवून दाखवलं, केशवराव दाते. म्हटलं, "आत्या, तूच बरोबर होतीस. मी चुकले." तिने चष्मा वर सरकवून वाचलं आणि म्हणाली, "कशात गं?" तिच्या लक्षातच नव्हतं. मी सांगायला लागले, मजहर खान, सहा लिस्ट, पण तिचं लक्ष पडद्याकडे. मग मी गप्प बसले. 'लख लख चंदेरी' लागलं तेव्हा तिचा उजवा हात पांघरुणावर ताल धरत होता, शब्द एकही सुटला नाही, मात्र सूर कधीच गेलेला. धरणाच्या वेळी ती म्हणाली, आता फुटेल, आणि माझं मनगट धरलं. अण्णांच्या उपरण्यात तोंड लपवलं होतं म्हणे तेव्हा तिने, आणि अण्णा सांगत होते, आता बघ, आता बघ, दोघांनी हात धरलेत. तिने तो शेवट तेव्हा बघितलाच नव्हता. अण्णांनी सांगितलेला आठवत होता.

या वेळी तिने बघितला.

घरी येऊन मी माझी स्वतःची लिस्ट सुरू केली. अजून चौदाच सिनेमे आहेत. तिसऱ्या नंबरला लिहिलंय: 'शेजारी', मराठी, १९४१. जिवबा केशवराव दाते, मिर्झा गजानन जागीरदार. मी डीव्हीडीवर पाहिला, मधे दोन ठिकाणी आवाज गेला होता, तिथलं बोलणं मला कळलं नाही. आत्याने प्रभातला पाहिला, १९४६ ते ४८ च्या सुमारास असावा, शेवट सोडून. हिंदी 'पडोसी' मी अजून पाहिलेला नाही.